आभार, आणि विचारायचा राहिलेला एक प्रश्न

मुलाखत झाली की त्याच संध्याकाळी एचआरच्या इनबॉक्समध्ये मेल येऊन पडतो. संधी दिल्याबद्दल आभार, आपल्यासारख्या नामांकित संस्थेत काम करायला आवडेल, सकारात्मक उत्तराची वाट पाहतो. पाच उमेदवार बोलावले असतील तर त्यांतल्या तिघांचे मेल असेच असतात, आणि नावं झाकली तर कोणता कोणाचा ते ओळखू येत नाही. एचआरचा माणूस तो वाचतो, 'नोटेड' असं उत्तर पाठवतो किंवा तेही पाठवत नाही. मेल तिथेच राहतो.

ही चाल मुळात अमेरिकी. रिचर्ड बोल्स यांचं नोकरी शोधणाऱ्यांसाठीचं प्रसिद्ध पुस्तक 1970 साली निघालं. पुढे दर वर्षी त्याच्या नव्या आवृत्त्या येत राहिल्या आणि आभारपत्राचा आग्रह त्यातून घरोघरी पोचला. आपल्याकडे आयटी कंपन्या आणि मॅनेजमेंट कॉलेजांच्या वाटेने ही पद्धत रुजली. आता चाकण-वाळूजच्या कारखान्यात मुलाखत देऊन आलेला डिप्लोमाचा मुलगाही मेल टाकतो. टाकावाच. पण नुसत्या आभारांचा मेल एचआरच्या पुढे जात नाही, कारण पुढे पाठवण्यासारखं त्यात काही नसतं. ज्याच्या हाताखाली काम करायचं त्या माणसापर्यंत मेल जायला हवा असेल, तर त्यात त्या माणसाच्या कामाचं काहीतरी असावं लागतं. मुलाखतीत निघायला हवा होता पण निघाला नाही असा एकच मुद्दा, चार-पाच ओळींत. तो कसा असतो, हे एका उदाहरणातून नीट पाहू.

समजा, गाड्यांचे ॲल्युमिनियमचे भाग बनवणारा एक कारखाना आहे आणि क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी मुलाखत आहे. पॅनेलवर क्वालिटी हेड, प्रॉडक्शनचे एक साहेब आणि एचआरच्या मॅडम. अर्धा तास नेहमीचे प्रश्न होतात. मग क्वालिटी हेड त्यांची खरी डोकेदुखी सांगतात. एका हाउसिंगमध्ये 50 मिलिमीटरचा बोअर आहे, टॉलरन्स एच7. म्हणजे बोअर 50.000 ते 50.025 यांच्यामध्येच बसायला हवा. वर-खाली मिळून मोकळीक 25 मायक्रॉनची, केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी. सेकंड शिफ्टमध्ये ऑपरेटर बोअर मोजतो, गेज ओके दाखवतो, जॉब क्रेटमध्ये जातो. आणि सकाळी फायनल इन्स्पेक्शनला त्यातले बरेच जॉब अंडरसाइज निघतात. फर्स्ट शिफ्टच्या मालात हे होत नाही. "काय कराल?" ते विचारतात.

उमेदवार त्याला सुचेल ते सांगतो. ऑपरेटरचं ट्रेनिंग बघू, टूल टिप कधी बदलतात ते बघू, फिशबोन काढू. उत्तर चुकीचं नाही, पण हेच बाकीचे चौघेही सांगणार. बोलता बोलता प्रॉडक्शनचे साहेब म्हणतात की सेकंड शिफ्टला पेट्रोल इन्स्पेक्टर नसतो, ऑपरेटरच मशिनपाशी मोजतो. तेवढ्यात वेळ संपते. जाताना लाईनवरून एक फेरी होते आणि मुलाखत आटोपते.

गेटबाहेर आल्यावर उमेदवाराच्या डोक्यात एक गोष्ट घोळायला लागते. लाईनवरून जाताना त्याने एक जॉब हातात घेतला होता आणि तो चांगलाच कोमट लागला होता.

आता यातलं शास्त्र बघू, कारण सगळा मेल त्यावर उभा आहे. ॲल्युमिनियम तापलं की पसरतं. एक मीटरला एका अंशामागे साधारण 23 मायक्रॉन. या हिशोबाने 50 मिलिमीटरचा बोअर एका अंशाला सव्वा मायक्रॉनच्याही आत, म्हणजे 1.15 मायक्रॉन वाढतो. (भोक तापल्यावर लहान होतं असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. भोवतालच्या धातूबरोबर भोकही मोठं होतं. तापवून रिंग चढवणाऱ्या कुठल्याही फिटरला विचारा.) ऑपरेटर बोअर गेज ज्या सेटिंग रिंगवर शून्य करतो ती रिंग टेबलावर पडलेली, खोलीच्या तापमानाची. जॉब मात्र मशिनमधून नुकताच निघालेला. सकाळपासून फिरून फिरून कूलंटही गरम झालेलं. जॉब रिंगपेक्षा 15 अंशांनी गरम असला तर गेज खऱ्या मापापेक्षा सुमारे 17 मायक्रॉन जास्त दाखवेल. गेजवर 50.012 दिसतं, म्हणजे बरोबर टॉलरन्सच्या मधोमध. ऑपरेटर खूश. रात्रभरात जॉब थंड होतो आणि सकाळी तोच बोअर 49.995 भरतो. पाच मायक्रॉन कमी. रिजेक्ट.

फर्स्ट शिफ्टला हे का होत नाही? तिथे इन्स्पेक्टर राउंडवर येईपर्यंत जॉब टेबलावर थांबलेले असतात आणि तेवढ्या वेळात निवतात. ऑपरेटर दोन्हीकडे तितकाच हुशार आहे, फरक फक्त थांबण्याचा आहे. टूल झिजल्यामुळेही बोअर लहान होतो हे खरं, पण ते लहान झालेलं माप मशिनपाशीच गेजवर दिसलं असतं. इथे गेज रात्री ओके म्हणतंय आणि सकाळी नाही म्हणतंय, म्हणून संशय मोजण्यावर जातो.

हे सगळं उमेदवाराला बसमध्ये सुचलं. आता तो मेल कसा लिहील? प्रत्यक्षात मेल बहुधा इंग्रजीत जाईल. मराठीत त्याचा आशय असा:

विषय: आजची मुलाखत, क्वालिटी इंजिनिअर, 50 मिमी बोअरबद्दल एक प्रश्न

"नमस्कार सर, आज मला वेळ दिलात आणि लाईन दाखवलीत, त्याबद्दल आभार. सेकंड शिफ्टचे हाउसिंग सकाळी अंडरसाइज निघतात, यावर मी ट्रेनिंग आणि टूल बदलण्याच्या वेळा एवढंच बोललो. एक विचारायचं राहिलं. सेकंड शिफ्टला बोअर मोजतात तेव्हा जॉब गरम असतो का? जॉब सेटिंग रिंगपेक्षा 15 अंशांनी गरम असेल तर ॲल्युमिनियमच्या 50 मिमी बोअरला गेज सुमारे 17 मायक्रॉन जास्त दाखवेल, आणि आपला टॉलरन्स एकूण 25 चा आहे. पाच जॉब मशिनमधून काढल्याबरोबर मोजले आणि तेच पाच पूर्ण निवल्यावर त्याच गेजवर, त्याच माणसाने मोजले, तर एका शिफ्टमध्ये कळेल. दोन्ही वेळची रीडिंग सारखी आली तर कारण दुसरं आहे. हे आधीच तपासलं असेल तर कृपया सोडून द्यावं. कळावे."

एवढंच. शंभर-सव्वाशे शब्द. खाली नाव आणि मोबाइल नंबर.

या मेलची बारीक तपासणी केली तर त्यातली प्रत्येक ओळ काहीतरी काम करते असं दिसेल. आभार पहिल्या वाक्यात आटोपले आहेत आणि तेही ठोस आहेत: वेळ दिलात, लाईन दाखवलीत. दुसऱ्या वाक्यात उमेदवार स्वतः काय बोलला होता याची आठवण आहे. दिवसभरात पाच जणांशी बोललेल्या माणसाला 'हा तो कोण' हे त्यावरून कळतं. शिवाय मेल एचआरकडून पुढे गेला तरी तो स्वतःच्या पायावर उभा राहतो. कोणता जॉब, कोणतं माप, कोणती शिफ्ट हे सगळं आत आहे, त्यामुळे मुलाखतीला नसलेल्या माणसालाही तो वाचून कळेल. हे महत्त्वाचं आहे, कारण उमेदवाराकडे बहुतेक वेळा फक्त एचआरचाच पत्ता असतो. मुलाखतीचं बोलावणं ज्या मेलने आलं त्यालाच उत्तर म्हणून हा पाठवायचा आणि आरंभी "क्वालिटी हेड सरांपर्यंत पोचवावा ही विनंती" अशी एक ओळ घालायची. पॅनेलवरच्या लोकांचे पत्ते कुठून तरी हुडकून सगळ्यांना एकदम मेल टाकणं लोकांना आवडत नाही.

मुद्दा प्रश्न म्हणून मांडलाय, हेही जाणूनबुजून. उमेदवाराने त्या कारखान्यात मोजून तासभर काढलाय. तिथली माणसं या त्रासाशी महिनोन् महिने झुंजताहेत. "तुमचं मेजरमेंट चुकतंय" असं लिहिलं आणि ते चुकत नसलं, तर माणूस उथळ ठरतो. चुकत असलं तर आगाऊ ठरतो. "जॉब गरम असतो का?" या प्रश्नाला कोणी दुखावत नाही आणि अनुभवी माणसाला त्यातून पुढचं सगळं दिसतं.

आणि मला सगळ्यात मोलाची वाटते ती चाचणीची ओळ. पाच जॉब, एक गेज, एक माणूस, एक शिफ्ट; खर्च शून्य. तोच गेज आणि तोच माणूस ठेवल्यामुळे दुसऱ्या शंका आपोआप गळतात: लाईनवरची आणि इन्स्पेक्शनमधली रिंग वेगळी आहे का, दोन माणसं गेज वेगळं धरतात का. मग उरतो फक्त तापमानाचा फरक. आपला अंदाज खोटा कसा ठरेल हेही उमेदवाराने सांगितलंय. ज्या खात्यात रोज कारणं शोधायची असतात, तिथल्या हेडला यातून कळतं की हा मुलगा कारण सुचवतो तेव्हा ते तपासायची रीतही सोबत देतो. फिशबोन काढता येतो असं सांगणारे पुष्कळ असतात.

यात काय नाही तेही बघावं. आधीच्या कंपनीत आम्ही असं करून रिजेक्शन अमुक टक्क्यांवर आणलं, ही बढाई नाही. आधीच्या कंपनीचे आकडे, तिच्या गिऱ्हाइकाचं नाव, ड्रॉइंगमधली मापं तर नाहीतच. तिथलं गुपित इथे सांगणारा उद्या इथलंही दुसरीकडे सांगेल, हे पॅनेलच्या लगेच लक्षात येतं. पूर्ण उपायही मेलमध्ये नाही. जॉब निववायला पंखा लावा की गरम मापाला करेक्शन द्या, हे नोकरी लागल्यावरचं काम. "फुकटात डोकं कशाला द्यायचं?" असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगता येईल की दिलाय तो एक प्रश्न, आणि त्याचं उत्तर शोधायला माणूस लागतोच.

मुद्दा सापडतो कुठे, हा खरा अवघड भाग. घरी येऊन इंटरनेटवर कंपनीबद्दल वाचत बसलं की जे सुचतं ते बहुधा बेकार असतं: नवी बाजारपेठ, एक्स्पोर्ट, ऑटोमेशन. पॅनेलने ज्याचा विषयही काढला नाही त्यावर सल्ला देणं म्हणजे पाहुण्याने स्वयंपाकघरात शिरून डबे उघडून बघणं. कामाचा मुद्दा मुलाखतीतच पडलेला असतो, फक्त तो उचलायला वेळ मिळालेला नसतो. म्हणून बाहेर पडल्यावर घरी फोन करायच्या आधी, रिक्षात किंवा बसथांब्यावर, आठवतील ते प्रश्न कागदावर उतरवून काढावेत. कोणता प्रश्न त्यांनी फिरून दोनदा विचारला? कुठे त्यांनी ठरलेला कागद बाजूला ठेवून आपल्या त्रासाबद्दल बोलायला सुरुवात केली? कुठे दोन साहेबांची आपसात नजरानजर झाली? आणि जाता जाता काय बोलून गेले? वरच्या उदाहरणात "सेकंड शिफ्टला इन्स्पेक्टर नसतो" हे वाक्य असंच जाता जाता आलं होतं. त्याच्याशी कोमट जॉबची गाठ पडली आणि मुद्दा तयार झाला.

सापडलेला मुद्दा पाठवण्याजोगा आहे का, हे पारखायला मी एकच कसोटी लावतो. उमेदवाराची निवड झाली नाही तरी हा मुद्दा कंपनीच्या उपयोगी पडेल का? पडत असेल तर तो त्यांच्या कामाबद्दल आहे. पडत नसेल तर ती आभाराच्या पदराआड लपवलेली स्वतःची जाहिरात आहे. "मला सिक्स सिग्माचं सर्टिफिकेट आहे हे सांगायचं राहिलं" हे राहिलं तर राहू द्यावं. ते बायोडेटात आहे. मुलाखतीत एखादं उत्तर सपशेल चुकलं असेल तर ते दुरुस्त करणारा मेल हा वेगळा प्रकार आहे. तो लिहायला हरकत नाही, पण दोन्ही गोष्टी एका मेलमध्ये कोंबू नयेत. दोन मुद्दे सुचले तरी एकच पाठवावा. वाचणारा एकच तपासणार असतो आणि दुसरा त्या पहिल्याचं वजन कमी करतो.

हे फक्त कारखान्यापुरतं नाही. अकाउंट्सच्या जागेची मुलाखत घ्या. वर्षअखेरीला सप्लायरच्या थकबाकीचा गोंधळ होतो असं पॅनेल बोलून गेलं. उमेदवार संध्याकाळी विचारतो: व्हेंडर मास्टरमध्ये उद्यम नोंदणी असलेले सूक्ष्म आणि लघु उत्पादक वेगळे दाखवले आहेत का? कारण त्यांचे पैसे कायद्याने ठरवलेल्या मुदतीत, म्हणजे लेखी करार असला तरी फार तर 45 दिवसांत दिले नाहीत, तर 2023-24 या आर्थिक वर्षापासून तो खर्च आयकरात पैसे प्रत्यक्ष दिलेल्या वर्षीच वजा मिळतो. ही यादी मार्चमध्ये बनवायला बसलं तर उशीर झालेला असतो. इथेही तेच: त्यांचाच विषय, एक प्रश्न, आणि पडताळायला सोपी गोष्ट.

वेळेचं म्हणाल तर मेल त्याच दिवशी संध्याकाळी, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडायच्या आत जावा. पॅनेल मार्कांचे फॉर्म बहुतेक ठिकाणी मुलाखत संपताच भरून टाकतं, तेव्हा या मेलने दिलेले मार्क बदलतील अशी आशा धरू नये. नापास झालेला माणूस मेलने पास होत नाही. त्याचा उपयोग होतो तो दोन उमेदवारांमध्ये अडल्यावर, किंवा "ठीक वाटला, पण खोलात गेला नाही" असं कोणी म्हणालं असेल तेव्हा. नाव पक्कं करायची बैठक दोन-चार दिवसांनी होते आणि तोवर क्वालिटी हेडने लाईनवर जाऊन पाच जॉब मोजलेले असू शकतात. आठवडाभराने गेलेल्या मेलला ही संधी मिळत नाही.

आता जिथे हा मेल पाठवूच नये त्या जागा. सरकारी नोकरी, बँकांची भरती, लोकसेवा आयोग. तिथे निवड मंडळातल्या कोणाशीही खासगी संपर्क हा वशिला लावण्याचा प्रयत्न समजला जातो आणि जाहिरातीतच त्यासाठी अपात्र ठरवण्याची तरतूद असते. हेतू कितीही स्वच्छ असो, तिथे आभारसुद्धा नकोत. कॅम्पस प्लेसमेंटमध्ये कंपनीशी बोलणं प्लेसमेंट ऑफिसरमार्फत चालतं, तर मेलही त्याच वाटेने जावा. कन्सल्टन्सीने पाठवलं असेल तर तिच्या माणसाला आधी सांगावं. त्याला डावललेलं आवडत नाही आणि पुढची मुलाखतही तोच लावणार असतो. जाताना गोपनीयतेच्या कागदावर सही घेतली असेल तर लाईनवर पाहिलेलं काहीही मेलमध्ये लिहिताना जपावं. कंपनीच्याच पत्त्यावर लिहिण्यात सहसा अडचण नसते, पण गिऱ्हाइकाचं नाव आणि पार्ट नंबर तिथेही टाळावा. लाईनवरचा फोटो तर काढूच नये, जोडणं दूरच राहिलं.

मेल पाठवल्यावर उत्तर आलं नाही तर पुन्हा त्याच मुद्द्याची आठवण करू नये. आठ-दहा दिवसांनी निकालाची चौकशी करायची असेल तर ती एचआरकडे, वेगळी आणि दोन ओळींत करावी, "माझा तापमानाचा मुद्दा पाहिलात का?" असं तिथे विचारलं की आधीचं सगळं मुसळ केरात. आणि मुलाखतीच्या दिवशी कागद समोर घेऊन बसूनही पाठवण्याजोगं काही सापडलं नाही, असंही बऱ्याचदा होतं. काही मुलाखती पंधरा मिनिटांत आटोपतात, कोणी आपल्या कामाबद्दल बोलतच नाही. अशा वेळी साध्या आभारांचा दोन ओळींचा मेल पाठवा आणि मोकळे व्हा. ओढूनताणून चिकटवलेल्या मुद्द्यापेक्षा तो केव्हाही बरा.